बायपास: पंपाचा जुना रस्ता

बायपास म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक हायवेचा, दुसरा हृदयाचा. दोन्हीकडे मूळ रस्ता तुंबलेला असतो आणि त्याला वळसा घालून नवा रस्ता काढलेला असतो. तिसरा एक बायपास तुमच्या सोसायटीच्या पंपघरातही असण्याची शक्यता आहे. पॅनलच्या दारावर एक तीन जागांचा खटका असतो आणि त्यावर "ड्राइव्ह - बंद - बायपास" असं काहीतरी लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे या बायपासची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. इथे नवा रस्ता हाच मुख्य रस्ता, आणि बायपास म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं वापरलेला जुना रस्ता, जो कोणी बुजवला नाही.

तो का बुजवला नाही आणि न बुजवल्यामुळे काय काय होतं, यावर आज लिहायचं आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना सुरुवातीचा भाग बाळबोध वाटेल. त्यांनी सरळ खाली उतरावं.

आधी जुना रस्ता पाहू. १८८८ साली निकोला टेस्लाला अमेरिकेत इंडक्शन मोटरची पेटंटं मिळाली. पुढच्याच वर्षी एईजी या जर्मन कंपनीतल्या मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीने तीन फेजची, पिंजऱ्यासारखा रोटर असलेली मोटर केली. आज आपल्या पंपाला बसलेली मोटर तत्त्वतः तीच. या मोटरचा मोठा गुण म्हणजे तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि मोठा अवगुण म्हणजे तिचा वेग तिच्या हातात नाही. मेन्सची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झ असेल, तर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २९०० फेरे घेणार म्हणजे घेणारच. तुम्हाला एक बादली पाणी हवंय की टँकरभर, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

तिला चालू-बंद करायला लागतो तो कॉन्टॅक्टर. एक कॉइल, एक लोखंडी चुंबक आणि तीन फेजसाठी तीन जाडजूड कॉन्टॅक्ट. कॉइलला वीज दिली की खाड्‌कन आवाज होऊन तिन्ही कॉन्टॅक्ट एकदम मिटतात, आणि वीज गेली की स्प्रिंग त्यांना उघडते. त्याच्या खाली ओव्हरलोड रिले बसवला, म्हणजे मोटरने बराच वेळ जास्त करंट ओढला तर कॉइलची वीज तोडणारा भाग जोडला, की झाला स्टार्टर. हिरवं बटण, लाल बटण. गावाकडे विहिरीवर ही पेटी पाहिली नसेल असा मराठी माणूस विरळा, आणि तिच्यावर बहुतेक वेळा एल अँड टी हे नाव असायचं. ही कंपनी १९३८ साली मुंबईत दोन डॅनिश इंजिनिअरांनी काढली. डेन्मार्कचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

तर, वेग ठरलेला. मग पाणी कमी हवं असेल तर काय करायचं? पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह आवळायचा. म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि वेग ब्रेकने सांभाळायचा. (हे उदाहरण इतक्यांदा वापरलं गेलंय की मला लाज वाटते, पण याहून चांगलं सापडत नाही.) दुसरा उपाय म्हणजे पंप थोडा वेळ चालवायचा, थोडा वेळ बंद ठेवायचा, आणि मधल्या काळात पाणी पुरवायला उंचावर टाकी किंवा हवेच्या दाबाची मोठी टाकी बांधायची. आपल्या गच्चीवरच्या टाक्या म्हणजे खरं तर मोटरच्या एकाच वेगाला शोधलेलं उत्तर.

वेग बदलायचा तर फ्रिक्वेन्सी बदलायला हवी हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण अशी होती की फ्रिक्वेन्सी बदलायचं स्वस्त यंत्र नव्हतं. ते शक्य झालं थायरिस्टरमुळे, जो जनरल इलेक्ट्रिकने १९५७ साली तयार केला. कल्पना सोपी आहे: मेन्सच्या एसीचा डीसी करायचा, आणि त्या डीसीचे इलेक्ट्रॉनिक खटक्यांनी तुकडे करून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा नवा एसी बनवायचा. यालाच आपण ड्राइव्ह म्हणतो. पण थायरिस्टरची एक खोड होती, आणि आपला बायपास त्या खोडीतून जन्माला आला असं माझं मत आहे.

थायरिस्टर हा असा दरवाजा आहे की जो तुम्हाला उघडता येतो, पण बंद करता येत नाही. त्यातून जाणारा करंट शून्यावर आला तरच तो बंद होतो. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा आपोआप शून्यावर येतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. डीसीमध्ये मात्र तो कधीच शून्यावर येत नाही. मग १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम मॅकमरेसारख्या लोकांनी युक्ती काढली: शेजारी एक भारलेला कपॅसिटर आणि एक कॉइल ठेवायची, आणि योग्य क्षणी कपॅसिटर उलट्या दिशेने रिकामा करून थायरिस्टरमधला करंट काही मायक्रोसेकंदांसाठी जबरदस्तीने शून्यावर आणायचा. दरवाजा बंद. काम अफलातून, पण नाजूक. कपॅसिटर जुना झाला, मोटरने अचानक जास्त करंट ओढला किंवा मेन्सचा व्होल्टेज क्षणभर पडला, तर दरवाजा बंद व्हायचा राहून जातो. मग वरचा आणि खालचा असे दोन्ही थायरिस्टर एकाच वेळी चालू राहतात, म्हणजे डीसीचे दोन ध्रुव सरळ एकमेकांना भिडतात. फ्यूज उडतो. नशीब वाईट असेल तर थायरिस्टरही.

१९६८ साली डॅनफॉस या कंपनीने व्हीएलटी नावाचा ड्राइव्ह बाजारात आणला. कारखान्यात मोठ्या संख्येने बनवलेला हा पहिला फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह मानला जातो. डॅनफॉस पुन्हा डेन्मार्कचीच. म्हणजे आपल्या पॅनलमधला जुना रस्ता मुंबईत रुजवणारेही डॅनिश, आणि नवा रस्ता दुकानात आणणारेही डॅनिश. योगायोग आहे, पण छान आहे.

पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, तेलाचा भडका उडाला आणि विजेच्या बिलाकडे जगाचं लक्ष गेलं. पंप आणि पंख्यांसाठी ड्राइव्हचं गणित फार मोहक आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं होतं, दाब एक चतुर्थांश होतो आणि लागणारी पॉवर एक अष्टमांश. (पाणी उंचावर चढवायचं असेल तर प्रत्यक्षात एवढी बचत होत नाही, कारण उंची काही वेगाबरोबर कमी होत नाही. सेल्सवाले हे वाक्य गाळतात.) त्यामुळे इमारतींचे वातानुकूलन पंप, पाणीपुरवठ्याचे पंप, कारखान्यांतले पंप यांच्यावर ड्राइव्ह बसू लागले.

आता त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघा. तुमच्याकडे एक पंप आहे, वीस वर्षं कॉन्टॅक्टरवर तक्रारीविना चालतोय. कॉन्टॅक्टर बिघडला तर नाक्यावरचा वायरमन अर्ध्या तासात बदलतो. आणि एक माणूस तुम्हाला कपाटाएवढी पेटी विकायला आलाय, जी वीज वाचवेल, पण बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या शहरातून येणार आणि सुटा भाग कदाचित दुसऱ्या देशातून. तुम्ही विचारणार, "आणि तोवर पाण्याचं काय?" बायपास हे त्या प्रश्नाचं उत्तर. "साहेब, तुमचा जुना स्टार्टर आम्ही काढतच नाही. ड्राइव्ह गेला तर हा खटका फिरवा, पंप पूर्वीसारखा सरळ मेन्सवर." आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर नवी सिस्टिम लाइव्ह झाली तरी जुना सर्व्हर कोणी बंद करत नाही, तसंच हे.

रचना दिसायला सोपी आहे. मेन्सपासून मोटरपर्यंत दोन समांतर वाटा. एका वाटेत पहिला कॉन्टॅक्टर, मग ड्राइव्ह, मग दुसरा कॉन्टॅक्टर. दुसऱ्या वाटेत फक्त तिसरा कॉन्टॅक्टर आणि त्याचा ओव्हरलोड रिले. नेहमी पहिला आणि दुसरा मिटलेले, तिसरा उघडा. ड्राइव्ह गेला की पहिले दोन उघडायचे आणि तिसरा मिटवायचा. पहिला कॉन्टॅक्टर असण्याचं कारण एवढंच की पंप बायपासवर चालू असताना ड्राइव्हला वीज नसावी. स्वस्तातल्या रचनेत पहिला गाळून दोनच वापरतात. (ड्राइव्ह उघडून हात घालायचा असेल तर मात्र कॉन्टॅक्टरवर विसंबायचं नसतं, हाताने फिरवायचा आयसोलेटर लागतोच.)

एक गोष्ट मात्र कधीही होता कामा नये: दुसरा आणि तिसरा कॉन्टॅक्टर एकाच वेळी मिटलेले. तसं झालं तर मेन्सचा व्होल्टेज ड्राइव्हच्या आउटपुटमधून उलटा आत शिरतो. नदी उलटी वाहू लागल्यासारखं. आउटपुटवरचे इलेक्ट्रॉनिक खटके यासाठी बनलेलेच नसतात. ते फुटतात, आणि फुटतात हा शब्द इथे शब्दशः घ्या. म्हणून दोन कॉन्टॅक्टरांमध्ये दोन प्रकारची अडवणूक ठेवतात. एक यांत्रिक, म्हणजे मध्ये एक छोटा तरफेचा तुकडा, एक आत गेला की दुसरा जाऊच शकत नाही. दुसरी विजेची, म्हणजे तिसऱ्याच्या कॉइलची वायर दुसऱ्याच्या सहायक कॉन्टॅक्टमधून नेलेली, जो दुसरा उघडा असतानाच मिटलेला असतो. इथेही एक मेख आहे. कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्ट कधीकधी वितळून एकमेकांना चिकटतात. त्या वेळी सहायक कॉन्टॅक्टने "मी उघडा आहे" असं खोटं सांगितलं तर सगळंच संपलं. म्हणून मिरर कॉन्टॅक्ट असा एक प्रकार आयईसीच्या मानकात आहे. त्याची हमी अशी की मुख्य कॉन्टॅक्टपैकी एक जरी चिकटलेला असेल, तरी हा मिटणार नाही. पॅनल घेताना कॉन्टॅक्टरला हा प्रकार आहे का, एवढं विचारलं तरी पॅनलवाला तुमच्याकडे जरा आदराने बघतो.

अदलाबदलीचा क्रमही महत्त्वाचा. आधी ड्राइव्हला थांबायचा हुकूम, मग दुसरा कॉन्टॅक्टर उघडायचा, मग दोन-तीन सेकंद नुसतं थांबायचं, आणि मग तिसरा मिटवायचा. हे थांबणं आळशीपणाचं नाही. वीज तोडली तरी फिरत्या मोटरच्या रोटरमध्ये चुंबकत्व थोडा वेळ शिल्लक असतं आणि तेवढा वेळ मोटर स्वतःच जनरेटर बनलेली असते. तिचा व्होल्टेज आणि मेन्सचा व्होल्टेज यांचे ताल जुळलेले नसताना मेन्स जोडली, तर जो करंट उसळतो तो थांबलेल्या मोटरच्या सुरुवातीच्या करंटपेक्षाही मोठा असू शकतो, आणि शाफ्टला बसणारा हिसका वेगळाच. दोन-तीन सेकंदांत चुंबकत्व विरतं आणि मोटर मुकाट्याने नव्याने सुरू होते.

इथवर सगळं पॅनलच्या आतलं झालं. आता माझा मुख्य मुद्दा, जो पॅनलच्या बाहेरचा आहे. खटका बायपासवर फिरवला की फक्त ड्राइव्ह वगळला जात नाही, तर तुम्ही १९६८ च्या आधीच्या जगात परत जाता. त्या जगाकडे एकाच वेगाला तोंड देण्याची स्वतःची साधनं होती: मोठी टाकी, व्हॉल्व्ह, ओव्हरलोड रिले, फेजचा क्रम बघणारा वायरमन. ड्राइव्ह आल्यावर ही साधनं एकेक करून काढून टाकली गेली, कारण ड्राइव्ह ती सगळी कामं एकटा करत होता. जुना रस्ता ठेवला, पण त्यावरचे दिवे काढून नेले.

एक उदाहरण आकड्यांसकट करून बघू. धरून चाला, पंधरा मजल्यांची एक इमारत आहे. गच्चीवरून टाकीने पाणी देण्याऐवजी खाली जमिनीतल्या टाकीतून बूस्टर पंप थेट नळांना पाणी देतो. मोटर ४ किलोवॅट, ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेणारी. ड्राइव्ह प्रेशर सेन्सर बघून दाब ५ बारवर धरून ठेवतो. पूर्ण वेगाने, सगळे नळ बंद असताना, हा पंप ८५ मीटर उंचीएवढा दाब देतो, म्हणजे ८.३ बार. ड्राइव्हवर असताना हे कोणाला जाणवत नाही, कारण नळ बंद झाले की ड्राइव्ह वेग उतरवतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ५ बार म्हणजे ५१ मीटर धरायला साधारण ३९ हर्ट्‌झ पुरतात. पाणी कोणीच घेत नसेल तर तो पंप झोपवून टाकतो.

आता ड्राइव्ह गेला आणि वॉचमनने खटका फिरवला. रात्रीचे अडीच वाजलेत, सगळे नळ बंद. पंप ५० हर्ट्‌झवर. तळमजल्यावरच्या घरात ५ च्या जागी ८.३ बार. गीझरच्या आणि वॉशिंग मशीनच्या नळ्या यासाठी नसतात. शिवाय पंपात तेच ते पाणी घुसळून तापत राहतं. कोणी तरी म्हणेल, "त्यात काय, प्रेशर स्विच लावा. साडेचार बारला चालू, सहा बारला बंद." बरोबर, पूर्वी तेच करायचे. पण पूर्वी त्याच्याबरोबर काय असायचं?

ड्राइव्हच्या सिस्टिमला हवेच्या दाबाची छोटी टाकी पुरते, २४ लिटरची. तिच्यात आधी ४.३ बार हवा भरलेली आहे असं धरा. साडेचार आणि सहा बार या दोन दाबांच्या मध्ये ही टाकी किती पाणी देते? बॉइलचा नियम, शाळेतला. दाब वातावरणासकट घ्यायचे: २४ × ५.३ × (१/५.५ − १/७) = सुमारे ५ लिटर. सकाळी इमारत मिनिटाला ६० लिटर पाणी घेतेय. म्हणजे टाकी ५ सेकंदांत रिकामी. पंप मिनिटाला २०० लिटर देतो, त्यातले ६० नळांना गेले, १४० टाकीला. म्हणजे टाकी २ सेकंदांत भरली. ५ आणि २ मिळून ७ सेकंद. तासाला पाचशेच्या वर वेळा पंप चालू-बंद!

प्रत्येक वेळी सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते, ८ चे जवळजवळ ५० अँपिअर. अशा मोटरने तासाला पंधरा-वीस वेळा सुरू व्हावं अशी अपेक्षा असते, पाचशे वेळा नाही. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर काही मिनिटांत ट्रिप होईल आणि लोक म्हणतील बायपासही बिघडला. कोणी तरी रिलेचा आकडा वाढवून ठेवला असेल तर वायंडिंग जळेल. म्हणजे दोन दिवसांनी ड्राइव्ह दुरुस्त होऊन येईल तेव्हा चालवायला मोटरच नसेल.

तोच हिशोब ५०० लिटरच्या टाकीचा केला तर १०३ लिटर पाणी मिळतं. भरा-रिकामी व्हायला मिळून अडीच मिनिटं, तासाला सुमारे २४ वेळा. ओढूनताणून चालेल. जुन्या इमारतींच्या पंपघरात ती जाडजूड लोखंडी टाकी का असायची ते आता कळतं. ड्राइव्हवाल्याने ती टाकी नको म्हणून सांगितली आणि ते खरंही होतं, पण ड्राइव्ह चालू असेपर्यंतच. आता तेवढी टाकी आणणं शक्य नसेल तर दुसरा व्यवहारी उपाय आहे: एक प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह लावायचा, जो साडेपाच-सहा बारच्या वर जास्तीचं पाणी खालच्या टाकीत परत सोडतो. मग बायपासवर पंप बंद-चालू न करता सलग चालवता येतो. वीज वाया जाते, पण दोन-चार दिवसांचाच प्रश्न असतो. मला स्वतःला हाच उपाय पटतो.

फेजच्या क्रमाची गोष्ट याहून गमतीची आहे. तीन फेजच्या मोटरची दिशा फेजच्या क्रमावर ठरते, कोणत्याही दोन वायर अदलाबदल केल्या की मोटर उलटी. ड्राइव्ह मात्र आधी सगळ्याचा डीसी करतो आणि नवा एसी स्वतः बनवतो, त्यामुळे मेन्सचा क्रम काही का असेना, मोटर सरळच फिरते. आता समजा चार वर्षांपूर्वी केबल बदलताना कोणाकडून तरी दोन फेज उलटे जोडले गेले. लिफ्टवाल्याने ओरडा केला, त्याने आपल्यापुरतं नीट करून घेतलं. पंपाला काहीच कळलं नाही. आज बायपास लावला आणि पंप उलटा फिरू लागला. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त दाब बराच कमी. त्यामुळे निष्कर्ष निघतो "बायपासवर प्रेशर येत नाही" असा, आणि पंप उघडला जातो. पाहायचं एवढंच की बायपासवर क्षणभर चालवून पंख्याच्या बाजूने मोटर बाणाच्या दिशेने फिरते का. उलटी फिरत असेल तर वायर मेन्सच्या बाजूला बदलायच्या. मोटरच्या बाजूला बदलल्या तर बायपास सुधारेल आणि ड्राइव्हवर पंप उलटा होईल.

आणखी एक फसवा भाग म्हणजे स्वयंचलित बायपास. ड्राइव्ह ट्रिप झाला की आपोआप मेन्सवर जा, अशी सोय. ऐकायला उत्तम. पण ड्राइव्ह ट्रिप का झाला, हे कोण विचारणार? ड्राइव्हचा पंखा बंद पडून तो तापला असेल, तर बायपास योग्य. पण खालच्या टाकीत पाणीच नाही म्हणून ड्राइव्हने कोरडा पंप ओळखून तो थांबवला असेल, किंवा पंपात दगड अडकून मोटर जाम झाली असेल, किंवा मोटरची केबल जमिनीला लागली असेल, तर ड्राइव्हने आपलं काम चोख केलंय. आणि त्या क्षणी बायपास त्याच पंपाला पूर्ण मेन्स देतो. कोरड्या पंपाचं सील काही मिनिटांत जळतं. म्हणून चांगल्या रचनेत ड्राइव्हच्या स्वतःच्या दोषांनाच बायपासकडे जाऊ देतात, बाकीच्यांना अडवतात. शिवाय कोरड्या पंपाचं आणि एक फेज गेल्याचं संरक्षण बायपासच्या वाटेतही वेगळं लावतात, कारण ते ड्राइव्हच्या आत होतं आणि ड्राइव्ह तर आता वाटेतच नाही.

मात्र एका ठिकाणी हे तर्कशास्त्र उलटं होतं: आग विझवण्याचा पंप. अमेरिकेच्या एनएफपीए २० या मानकात ड्राइव्हवर चालणाऱ्या फायर पंपाला स्वयंचलित बायपास सक्तीचा आहे. ड्राइव्हला दाब राखता आला नाही की त्याला बाजूला सारून पंप पूर्ण वेगाने मेन्सवर गेलाच पाहिजे. मोटर जळली तरी चालेल, इमारत जळता कामा नये, असा सरळ हिशोब. पण त्याच मानकाने जुन्या जगाचं भानही ठेवलंय. पूर्ण वेगाला जास्तीचा दाब पाइपांना सोसणार नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह लावायची तरतूद तिथेच आहे.

इकडे ड्राइव्ह मात्र बदलत गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्येच जयंत बालिगा यांनी आयजीबीटी विकसित केला (बालिगा मूळचे मद्रासचे, तिथल्याच आयआयटीचे). हा दरवाजा उघडताही येतो आणि बंदही करता येतो. तो नाजूक कपॅसिटरचा खेळ संपला, कपाटाची पेटी झाली, पेटीचा डबा झाला. आता ड्राइव्ह बिघडतो तो बहुधा पंखा अडकून, आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकून, किंवा पॅनलमध्ये शिरलेल्या पालीमुळे. (हसू नका, पाल हे आपल्याकडचं गंभीर कारण आहे.) आठ-दहा वर्षं तो काही बोलत नाही. आणि तेवढी वर्षं तिसरा कॉन्टॅक्टरही न हलता, धूळ खात बसलेला असतो. ज्या दिवशी हाक मारतात, त्या दिवशी त्याच्या रिलेवर कारखान्यातून आलेलाच आकडा असतो. म्हणून महिन्यातून एकदा दिवसाढवळ्या, कोणी तरी प्रेशर गेजसमोर उभं असताना, पाच मिनिटं पंप बायपासवर चालवून बघतात. किमान, बघायला हवा.

नव्या बूस्टर सेटमध्ये मात्र बायपास दिसेनासा होतोय. एका मोठ्या पंपाऐवजी तीन छोटे, प्रत्येकाला स्वतःचा ड्राइव्ह. एक गेला तर दोन चालतात, दाबही तोच राहतो, टाकीही छोटीच पुरते. काही पंपांवर तर ड्राइव्ह मोटरच्याच पाठीवर बसवलेला असतो, आणि त्यातल्या कित्येक मोटरी आता इंडक्शनच्या नसून कायमच्या चुंबकाच्या असतात. अशा मोटरीला सरळ मेन्स दिली तर ती सुरूच होत नाही, नुसती थरथरते आणि करंट ओढते. डोब्रोव्होल्स्कीच्या पिंजऱ्यापासून चालत आलेला जुना रस्ता तिथे खरोखरच संपलेला आहे. आमच्या भागातल्या एका वायरमनने मागच्या वर्षी अशा पंपाचं झाकण उघडलं, मेन्सच्या तीन वायर कुठे लावायच्या ते शोधलं, आणि झाकण पुन्हा लावून टँकर मागवायला सांगितलं.